पाटीवरच्या टोप्या, टिंबं आणि शेपट्या: रोमन लिपीतली भाषा कशी ओळखता?

सराफा_रात्री (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीतली तीन-चार पोरं आणि मी रविवारी संध्याकाळी जिओगेसर खेळतो. कुठल्यातरी रस्त्याचा फोटो समोर येतो आणि देश ओळखायचा. थाई, ग्रीक, रशियन अक्षरं दिसली की निम्मं काम तिथेच होतं. रोमन लिपी आली की गाडी अडते. अक्षरं तीच, वर-खाली टिंबं-टोप्या मात्र निरनिराळ्या, आणि त्यांचं काय करायचं हे कोणालाच धड ठाऊक नाही.

परवाच्या एका फोटोवर अजून भांडण चालू आहे. नेमकं तेव्हाच नेट गेलं, त्यामुळे उत्तर कळलंच नाही. स्क्रीनशॉट तेवढा हाती आहे. अरुंद गल्ली, कोपऱ्यावर दुकान. वर पिवळी पाटी: PHỞ BÒ – BÚN CHẢ. खाली काचेवर मोठ्या अक्षरात POTRAVINY. दारावर छापील कागद, बहुतेक दुकानाच्या वेळा. त्यात Po – P आणि पुढे एक पुसट अक्षर, त्याच्या डोक्यावर काहीतरी आहे. खालच्या ओळीत So – Ne.

दोघं म्हणतात व्हिएतनाम, भाचा म्हणतो स्लोव्हाकिया, मला चेक वाटतंय. देश सांगा, पण कशावरून ओळखलंत तेही सांगा. नुसतं उत्तर नको.

---

छप्पनचा_चहा (इंदूर)

अरे यार, ह्यात काय एवढं! पाठ करून टाका. Ř म्हणजे चेक, Ł म्हणजे पोलंड, Ő म्हणजे हंगेरी, Ñ म्हणजे स्पेन, Đ म्हणजे व्हिएतनाम. टोपीवाले č š ž दिसले की चेक नाहीतर स्लोव्हाक. मी ह्याच जोरावर खेळतो, दहातले सात बरोबर येतात.

तुमच्या फोटोत Ở आहे, Ả आहे. व्हिएतनाम. धागा बंद करा.

---

पीथमपूर_प्रूफ (इंदूर)

धागा एवढ्यात बंद करू नका.

मी औषधांच्या खोक्यांचं आणि आतल्या पत्रकांचं प्रूफ तपासतो. माल युरोपभर जातो, त्यामुळे ह्या टोप्या-शेपट्यांशी रोजची गाठ. मला ह्यातली एकही भाषा बोलता येत नाही, पण कुठलं अक्षर कुठल्या पत्रकात चुकून घुसलंय ते दिसतं. तुम्हालाही नेमकं तेवढंच हवं आहे.

छप्पनचा_चहा, तुमची यादी निम्मी खरी आहे. अडचण अशी की काही खुणा एकट्या-दुकट्या भाषेच्या असतात आणि काही अर्ध्या खंडाच्या. č, š, ž ही तीन अक्षरं चेक आणि स्लोव्हाकमध्ये आहेत, तशीच स्लोव्हेनियन, क्रोएशियन, बोस्नियन, रोमन लिपीतली सर्बियन, लिथुआनियन आणि लॅटव्हियनमध्येही आहेत. ती दिसली की फक्त पश्चिम युरोप सुटला असं धरायचं. देश ठरवायला दुसरी खूण शोधावी लागते.

आधी चेक-स्लोव्हाकचं बघू, कारण तुमचा फोटो तिथेच अडलाय. ř, ě आणि गोल कडीवाला ů ही तिन्ही चेकमध्ये आहेत, स्लोव्हाकमध्ये एकही नाही. उलट ľ, ĺ, ŕ, ä आणि ô स्लोव्हाकमध्ये आहेत, चेकमध्ये नाहीत. एकट्या ô किंवा ä वर विसंबू नका, ते इतर भाषांतही सापडतात. पण ही दोनच नावं उरली असतील तर निकाल लागतो. रविवार घ्या. चेकमध्ये Neděle, स्लोव्हाकमध्ये Nedeľa. एकात ě, दुसऱ्यात ľ. दुर्दैवाने तुमच्या कागदावर दोघांचंही Ne च लिहितात.

आता POTRAVINY. किराणा-खाद्यपदार्थांच्या दुकानाला हा शब्द दोन्ही भाषांत अगदी सारखाच, आणि वर एकही खूण नाही. म्हणजे व्हिएतनाम बाद, पण चेक की स्लोव्हाक ते तसंच राहिलं.

ते पुसट अक्षर मोठं करून बघा. शुक्रवार चेकमध्ये Pátek, थोडक्यात Pá. स्लोव्हाकमध्ये Piatok, थोडक्यात Pi. फोटो कितीही धूसर असला तरी रुंदी लपत नाही. शेजारीच Po मधला o आहे, त्याच्याशी ताडून बघा. अक्षर o इतकं रुंद असेल तर á, काडीसारखं बारीक असेल तर i आणि वरचं ते नुसतं टिंब.

---

सराफा_रात्री (इंदूर)

हे भारी आहे. बघितलं. रुंदी o इतकीच वाटते, पण भाचा मानायला तयार नाही. त्याचं म्हणणं, धूसर फोटोत सगळंच फुगतं.

त्याच कागदावर वेळांच्या वर एक ठळक शीर्षक आहे. सुरुवातीला Ot दिसतं, पुढे गिचमिड. त्याचा काही उपयोग?

---

विजयनगरच्या_आजी (इंदूर)

विषय निघालाच आहे तर विचारते. माझी नात शिकायला जर्मनीला गेली. तिच्या घरच्या पत्त्यात ते बीसारखं दिसणारं अक्षर आहे, ß. इथून खाऊचा डबा पाठवायचा आहे आणि कुरियरवाल्याच्या कॉम्प्युटरवर ते उमटतच नाही. मी त्या जागी बी लिहिलं तर पोचेल का?

---

पीथमपूर_प्रूफ (इंदूर)

आजी, बी अजिबात लिहू नका. ß च्या जागी दोन एस लिहा, ss. दोन टिंबांचा ä असेल तर ae, ö असेल तर oe, ü असेल तर ue. जर्मन माणसं स्वतःही अडलं की असंच लिहितात, डबा पोचेल.

खेळणाऱ्यांसाठी ह्यातूनच एक गोष्ट. स्वित्झर्लंडमध्ये ß वापरतच नाहीत. पाटीवर लहान अक्षरांत Strasse असेल तर स्वित्झर्लंड किंवा लिश्टेनश्टाइन मनात आणायला हरकत नाही, कारण जर्मनी-ऑस्ट्रियात Straße असतं. पण अख्खी पाटी मोठ्या अक्षरांत STRASSE अशी असेल तर काहीच सिद्ध होत नाही. मोठा ẞ जर्मनीत अधिकृत झाला 2017 साली, त्याआधी सगळे SS च लिहीत आणि आजही बरेच जण तेच लिहितात.

सराफा_रात्री, शीर्षकाचं सांगतो. दुकानाच्या वेळांना चेकमध्ये Otevírací doba म्हणतात. स्लोव्हाकमध्ये Otváracia doba किंवा Otváracie hodiny. अक्षरं वाचता येत नसतील तर वाचू नका, पहिल्या शब्दावरच्या रेघा कुठे आहेत तेवढं बघा. चेक शब्दावर दोन रेघा, एक मधोमध आणि एक अगदी शेवटच्या अक्षरावर. स्लोव्हाक शब्दावर एकच, सुरुवातीच्या बाजूला चौथ्या अक्षरावर, आणि शेवट मोकळा.

---

सराफा_रात्री (इंदूर)

शेवटच्या अक्षरावर रेघ आहे! मधलीचं खात्रीनं सांगता येत नाही, पण शेवटची स्वच्छ दिसते. भाचा गप्प झालाय.

---

छप्पनचा_चहा (इंदूर)

चला, चेक तर चेक. पण मग वर व्हिएतनामी पाटी कशाला?

---

पीथमपूर_प्रूफ (इंदूर)

समाजवादी काळात चेकोस्लोव्हाकियाने व्हिएतनाममधून कामगार आणि शिकाऊ मंडळी बोलावली होती. 1989 नंतर त्यातले बरेच जण तिथेच राहिले आणि छोट्या व्यापारात उतरले. आज चेकमध्ये कोपऱ्यावरचं किराणा दुकान व्हिएतनामी कुटुंबाचं असणं अगदी नेहमीचं. प्राहाच्या कडेला सापा नावाचा त्यांचा मोठा बाजारच आहे. म्हणून खाण्याच्या पदार्थाची पाटी देश ठरवायला कधीच घेऊ नका. इंदुरात चाउमिनची पाटी दिसते म्हणून कोणी चीन म्हणत नाही. दुकानाच्या वेळा, 'ढकला-ओढा', पार्किंगची सूचना, कचऱ्याच्या डब्यावरचा मजकूर, हे त्या देशाच्या भाषेत असतं.

---

लष्करचा_बाळ (ग्वाल्हेर)

म्हणजे आपल्या ळ सारखं. ग्वाल्हेरला देवनागरी पाटीत ळ दिसला की आमचे आजोबा म्हणायचे, "मराठी माणसाचं दुकान!" आणि निघायचं मारवाड्याचं, कारण राजस्थानीतही ळ आहे.

माझा प्रश्न वेगळा. वरच्या यादीत Đ म्हणजे व्हिएतनाम असं आलंय. मी तर क्रोएशियाच्या फोटोत Đ पाहिलाय. मग भरवसा कशावर ठेवायचा?

---

पीथमपूर_प्रूफ (इंदूर)

बरोबर पाहिलंत. आडवी रेघ मारलेला D मुख्यतः तीन ठिकाणी भेटतो: व्हिएतनामी, क्रोएशियन-बोस्नियन-सर्बियन, आणि आइसलँडिक. आइसलँडिकचं अक्षर मुळात वेगळं आहे. लहान लिपीत ते ð असं वाकड्या मानेचं दिसतं आणि चटकन कळतं. मोठ्या लिपीत मात्र Ð आणि Đ ह्यांत डोळ्याला फरक दिसत नाही, आणि पाट्या असतात मोठ्या लिपीत.

मी जागा बघतो. व्हिएतनामीत प्रत्येक अवयव सुटा लिहितात आणि đ अवयवाच्या सुरुवातीलाच येतो, त्यामुळे Đ नेहमी शब्दाच्या तोंडाशी असतो: ĐƯỜNG, ĐÀ NẴNG. आइसलँडिकमध्ये उलट, ð ने शब्द सुरूच होत नाही. तो मध्ये नाहीतर शेवटी येतो, रेक्याविकच्या AÐALSTRÆTI मध्ये आहे तसा. क्रोएशियनमध्ये दोन्ही चालतं. Đurđevac ह्या एकाच गावाच्या नावात तो सुरुवातीलाही आहे आणि मध्येही.

म्हणजे शब्दाच्या मध्ये Đ आला तर व्हिएतनाम सोडून द्या. सुरुवातीला आला तर आइसलँड सोडून द्या. उरलेल्या दोघांत फरक करणं सोपं आहे, कारण व्हिएतनामी पाटी खुणांनी गजबजलेली असते आणि क्रोएशियन पाटीवर फार तर एखादी टोपी.

---

बडोदेकर_मंदार (वडोदरा)

आग्नेय आशियाचं मी सांगतो. कापडाच्या यंत्रांच्या कामानं सुराबायाला राहिलोय, हो ची मिन्ह शहरातही जाणं-येणं होतं.

व्हिएतनामी पाटीची माझी खूण एकच: एका स्वरावर दोन खुणा. ế मध्ये टोपी आणि तिच्यावर रेघ, ộ मध्ये वर टोपी आणि खाली टिंब. एक खूण स्वर कुठला ते सांगते, दुसरी सूर. युरोपातल्या पाट्यांवर असं दुमजली बांधकाम मी पाहिलेलं नाही. शिवाय ơ आणि ư च्या खांद्यावरचं शिंग. फोटो अगदीच वाईट असला तरी ओळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे ठिपके सांडल्यासारखे दिसतात.

दुकानांच्या पाट्यांवर तिथे पूर्ण पत्ता लिहायची पद्धत आहे, त्याचा फायदा घ्या. फोनच्या आधी ĐT, वॉर्डाला P., जिल्ह्याला Q. एक सांगून ठेवतो: जुलै 2025 पासून तिथे जिल्हा हा स्तरच रद्द झालाय. पण लाखो पाट्यांवर Q. आणि Quận अजून तसंच आहे, आणि खेळातले फोटो बहुतेक जुनेच असतात.

आता खरी डोकेदुखी. इंडोनेशिया आणि मलेशिया. दोघांच्याही रोजच्या लिखाणात टोप्या-टिंबं काहीच नाहीत, आणि 1972 मध्ये दोघांनी स्पेलिंगही जुळवून घेतलं. खुणांवरून तिथे काही हाती लागत नाही.

---

छप्पनचा_चहा (इंदूर)

खुणाच नाहीत तर धाग्याचा विषयच संपला की!

---

बडोदेकर_मंदार (वडोदरा)

उलट, खूण नसणं हीच तिथली पहिली खूण. लांबलचक पाटी, भरपूर मजकूर, रोमन लिपी, उष्ण हवा, आणि एकाही अक्षरावर काही नाही. व्हिएतनाम गेला. मग शब्द बघायचे. इंडोनेशियावर डचांची छाप आहे, मलेशियावर इंग्रजांची. पोलीस इंडोनेशियात POLISI, मलेशियात POLIS. औषधाचं दुकान इंडोनेशियात APOTEK, मलेशियात FARMASI. कार्यालय इकडे KANTOR, तिकडे PEJABAT. रस्त्याला दोन्हीकडे Jalan, पण आखडून लिहिताना इंडोनेशियात Jl. आणि मलेशियात Jln. बोळ असेल तर इंडोनेशियात Gg., मलेशियात Lorong.

इंडोनेशियात जुन्या स्पेलिंगची माणसांची आणि दुकानांची नावं अजून टिकून आहेत, oe, tj, dj वाली. Soe नं सुरू होणारं नाव दिसलं की मी इंडोनेशियावर शिक्का मारतो.

आणि छप्पनचा_चहा, Ñ म्हणजे स्पेन नव्हे. फिलिपिन्समध्ये Parañaque, Las Piñas अशी शहरंच आहेत. आजूबाजूला इंग्रजी मजकूर आणि Brgy. असं लिहिलेलं असेल तर फिलिपिन्स.

---

तुकोगंज_वाचनालय (इंदूर)

मला रोमानियानं छळलंय. पुस्तकात वाचलं की ă, ș, ț म्हणजे रोमानियन. फोटोतल्या एका पाटीवर मात्र ă च्या जागी लाटेवाला ã होता. लाट म्हणजे पोर्तुगीज, म्हणून पोर्तुगाल ठोकलं, तर निघालं रोमानियातलं गाव. पाटी रंगवणाऱ्याला स्वतःची भाषा येत नाही का?

---

पीथमपूर_प्रूफ (इंदूर)

रंगाऱ्याला भाषा येते, कॉम्प्युटरला येत नव्हती. हा माझ्या धंद्यातला रोजचा विंचू आहे, म्हणून जरा सविस्तर.

युनिकोडच्या आधी एका अक्षराला 0 ते 255 मधला एक आकडा असे. पश्चिम युरोपचा तक्ता वेगळा, मध्य युरोपचा वेगळा. 227 ह्या आकड्याला मध्य युरोपच्या तक्त्यात ă आहे, पश्चिमेच्या तक्त्यात ã. रोमानियन मजकूर पश्चिमेचा फॉन्ट लावून छापला की सगळे ă गुपचूप ã होतात. 245 वर हंगेरियनचा ő आहे, पश्चिमेकडे õ. 251 वर ű, पश्चिमेकडे û. म्हणून हंगेरीतल्या जुन्या छपाईत, स्वस्तातल्या फलकांवर õ आणि û भेटतात. पाहणाऱ्याला वाटतं एस्टोनिया नाहीतर फ्रान्स.

ओळखायचं कसं, तर त्या भाषेचं बाकीचं सामान जुळतंय का ते पाहायचं. पोर्तुगीजमध्ये ã च्या पुढे बहुतेक वेळा o किंवा e येतो, ção, mãe असं. तुमच्या पाटीवर ã शब्दाच्या टोकाला एकटाच असेल, शेजारी î किंवा ț असेल, तर तो वेश बदललेला ă. हंगेरियनमध्ये õ च्या आसपास sz, gy, cs दिसतील. एस्टोनियनमध्ये ते नसतात, तिथे दुहेरी स्वर असतात, aa, ee, uu.

रोमानियाचा आणखी एक घोळ आहे. ș आणि ț खाली खरं तर सुटा स्वल्पविराम असतो. पण तशी अक्षरं युनिकोडमध्ये आली 1999 ला आणि रोजच्या फॉन्टांत त्याहून उशिरा. तोवर तुर्कीसारखी चिकटलेली शेपटीच वापरत. त्यामुळे ş दिसला म्हणून तुर्कस्तान धरू नका. ğ किंवा बिनटिंबाचा ı शोधा, तो रोमानियनमध्ये कधीच येणार नाही.

---

लष्करचा_बाळ (ग्वाल्हेर)

मग ř तरी शंभर टक्के चेक ना? का तिथेही कोणी मारवाडी बसलाय?

---

पीथमपूर_प्रूफ (इंदूर)

बसलाय. जर्मनीच्या पूर्व टोकाला बाउत्झेनच्या आसपास सोर्बियन भाषा आहे, तिच्यात ř, ě आणि शिवाय पोलिशसारखा ł. पाट्या दुभाषी असतात, वर Bautzen, खाली Budyšin. एकाच मजकुरात ř आणि ł दोन्ही दिसले तर ती भाषा ना चेक ना पोलिश.

सीमेवरच्या गावांत हे नेहमीचंच. दक्षिण स्लोव्हाकियात हंगेरियन वस्ती आहे, गावाच्या पाटीखाली दुसरी पाटी हंगेरियन नावाची. कोमार्नोला Komárno च्या खाली Komárom, आणि डॅन्यूबच्या पलीकडे हंगेरीत गावाचं नावच Komárom. चेकमधल्या Český Těšín ला खाली Czeski Cieszyn असं पोलिश नाव लिहितात. दोन नावं असतील तर बहुतेक ठिकाणी वरचं देशाचं असतं, खालचं अल्पसंख्याकांचं.

---

तुकोगंज_वाचनालय (इंदूर)

माझा आक्षेप नोंदवून ठेवते. सराफा_रात्री ह्यांच्या फोटोत वेळांचा कागद छापील आहे. चेकमधून तयार स्टिकर आणून स्लोव्हाकियातल्या दुकानदारानं दाराला लावला असेल तर? व्यापारी त्याच वर्तुळातले, माल इकडून तिकडे जातच असणार. फक्त त्या कागदावर देश ठरवणं मला पटत नाही.

---

पीथमपूर_प्रूफ (इंदूर)

शक्य आहे. पैज लावायची तर मी चेकवरच लावीन, पण रस्त्याच्या नावाची पाटी किंवा गाडीची नंबरप्लेट दिसल्याशिवाय शपथ घेणार नाही. सराफा_रात्री, भिंतीवर कुठे नावाची पाटी आहे का?

---

सराफा_रात्री (इंदूर)

उजव्या कडेला लाल पाटीचा तुकडा दिसतो, पांढरी अक्षरं, शेवट …SKÁ. बाकीचं फोटोबाहेर गेलंय.

---

पीथमपूर_प्रूफ (इंदूर)

…ská दोन्ही देशांत चालतं, रस्त्यांच्या नावांचा तो नेहमीचा शेवट आहे. लाल पाटी-पांढरी अक्षरं प्राहाची ठेवण आहे, पण इतर शहरांतही लाल पाट्या असतात. अक्षरांवरून ह्यापुढे मला जाता येत नाही.

---

छप्पनचा_चहा (इंदूर)

बरं, मी यादी फाडतो. पण एक सांगा, Ø आणि Å आले की डेन्मार्क का नॉर्वे? मी दर वेळी नाणं उडवतो.

---

बडोदेकर_मंदार (वडोदरा)

दोघांची वर्णमाला एकच आहे, æ ø å. खुणांवरून नाणंच उडवावं लागेल. रस्त्याच्या नावाचं शेपूट बघा. डेन्मार्कात -vej आणि -gade, नॉर्वेत -vei किंवा -veg आणि -gate. ä आणि ö असतील तर दोन्ही देश सोडा. स्वीडन नाहीतर फिनलंड, आणि फिनिश असेल तर kk, tt, ää अशी जोडाक्षरं ओळीनं दिसतील.

---

सराफा_रात्री (इंदूर)

भाच्यानं आत्ताच दुसरा स्क्रीनशॉट काढला. पाटीवर KIRKE एवढंच आहे, खाली बाण. एकही खूण नाही. रस्ता ओला, मागे लाकडी घर.

---

तुकोगंज_वाचनालय (इंदूर)

डेन्मार्क.

---

लष्करचा_बाळ (ग्वाल्हेर)

लाकडी घर आहे तर नॉर्वे. आणखी एखादी पाटी टाका, ह्या एका शब्दावर रात्र जाईल.